तेलावरचं आयात शुल्क उतरलं, तेव्हा सोयाबीनवाल्याचं किती गेलं? आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वर्गासाठी एक प्रकरण

30 मे 2025 रोजी केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणलं. मूळ शुल्कात 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर मिळवायचा आणि त्या बेरजेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार लावायचा, असा हिशेब असतो. त्यामुळे बंदरावर प्रत्यक्ष भरायचा आकडा 27.5 टक्क्यांवरून 16.5 टक्क्यांवर आला. त्याआधी साडेआठ महिन्यांपूर्वी, 14 सप्टेंबर 2024 ला, हाच आकडा 5.5 वरून 27.5 वर नेलेला होता.

वर्षभराच्या आत शुल्क एकदा चढलं आणि एकदा उतरलं, म्हणून हे प्रकरण मी वर्गासाठी घेते. तुलनात्मक लाभ, फायदा-तोट्याची वाटणी, शुल्काचा खरा बोजा, हे सगळं एकाच मालावर दिसतं. शिवाय वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी सोयाबीन असतं. लातूरच्या बाजार समितीत ऑक्टोबरमध्ये ढिगाऱ्यात हात घालून दाणा दाताखाली दाबणारा खरेदीदार त्यांनी पाहिलेला असतो. ओलावा मोजायच्या यंत्रावर 12 च्या वर काटा गेला की हमीभाव केंद्रावरून माल परत कसा येतो, हेही त्यांना सांगावं लागत नाही. 2024 च्या हंगामात ही अट शेवटी 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती.

आकडे सोपे राहावेत म्हणून पुढच्या सगळ्या हिशेबात परदेशातून बंदरावर उतरलेल्या कच्च्या तेलाचा भाव किलोला 100 रुपये धरला आहे. खरा भाव रोज हलतो, आणि शुल्कही सरकार पंधरवड्याला जाहीर करतं त्या मूल्यावर लागतं. पण 100 धरलं की 11 टक्क्यांची कपात म्हणजे किलोमागे 11 रुपये, हे लगेच डोळ्यांपुढे येतं.

तेल कोणी पिकवावं?

पहिला प्रश्न असा. समजा भारतात एका हेक्टरवर सोयाबीन घेतलं तर 2 क्विंटल तेल मिळतं आणि भात घेतला तर 28 क्विंटल तांदूळ. अर्जेंटिनात त्याच हेक्टरवर 6 क्विंटल तेल किंवा 42 क्विंटल तांदूळ. अर्जेंटिना दोन्हींत पुढे आहे. मग भारताने विकावं काय?

मुलं पटकन म्हणतात, काहीच नाही. इथे थांबून संधी खर्च काढायला लावायचा. भारताला एक क्विंटल तेलासाठी 14 क्विंटल तांदूळ सोडावा लागतो, अर्जेंटिनाला फक्त 7. उलट बाजूने पाहिलं तर एक क्विंटल तांदळासाठी भारत तेलाचा चौदावा हिस्सा सोडतो आणि अर्जेंटिना सातवा. म्हणजे तांदळात तुलनात्मक लाभ भारताचा. एका क्विंटल तेलाला 10 क्विंटल तांदूळ असा सौदा ठरला तर भारताचे तेलामागे 4 क्विंटल वाचतात आणि अर्जेंटिनाला 3 क्विंटल जास्त मिळतात. हेक्टरी उताऱ्याचे हे आकडे सोपे केलेले असले तरी वास्तवापासून फार लांब नाहीत. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी 10 क्विंटलच्या आसपास घुटमळतं आणि ब्राझील-अर्जेंटिनात त्याच्या तिप्पट निघतं. भारत जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे आणि खाद्यतेलाचा सर्वांत मोठा आयातदारही. आकडे आणि व्यापाराची दिशा इथे जुळतात.

आता याच प्रश्नाचा दुसरा भाग, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. भारताने तेल सोडून तांदूळ पिकवावा हे गणित देशाच्या पातळीवर बरोबर आहे. पण औसा किंवा रिसोडचा कोरडवाहू शेतकरी भात लावणार कुठे? त्याच्याकडे काळी जमीन आहे आणि पावसावरचं पाणी. देश म्हणून जो तांदूळ वाढेल तो गोदावरीच्या मुखाशी किंवा पंजाबात. मराठवाडा-विदर्भातल्या अशा जमिनीला चालतील अशी पिकं म्हणजे तूर, मूग, उडीद, हरभरा, ज्वारी, कापूस. म्हणून सोयाबीन सोडण्याचा त्याचा खरा संधी खर्च तांदळात मोजता येत नाही, तो तुरीत किंवा कापसात मोजावा लागतो. एका पिकाला बांधलेल्या अशा जमिनीला आणि कौशल्याला विशिष्ट उत्पादन घटक म्हणतात. शुल्क उतरलं की तोटा नेमका या घटकांच्या माथी येतो, कारण त्यांना पळता येत नाही.

किती कोणाच्या खिशात

दुसरा प्रश्न आकडेमोडीचा आहे. शुल्क 27.5 टक्के असताना देशाचा खप 250 लाख टन, देशी उत्पादन 100 आणि आयात 150 लाख टन, असं धरा. शुल्क 16.5 वर आल्यावर खप 255, देशी उत्पादन 97 आणि आयात 158. कपातीआधीचा आणि नंतरचा खप-उत्पादनातला फरक मी गृहीत धरलेला आहे, पण एकूण आकडे भारताच्या खऱ्या आकारमानाजवळचे आहेत. सगळी तेलं सारखीच स्वस्त होतात असंही धरू. मोहरी किंवा शेंगदाणा तेलाच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही.

देशातला भाव टनाला 1,27,500 वरून 1,16,500 वर येतो. खाणाऱ्यांचं संतोषाधिक्य, म्हणजे जेवढं द्यायची तयारी होती त्यापेक्षा कमी मोजावं लागल्याने होणारा फायदा, वाढतं सरासरी 252.5 लाख टनांवर टनामागे 11,000 रुपयांनी, म्हणजे 27,775 कोटी. देशी तेल उत्पादकांचं जातं 98.5 लाख टनांवर तेवढंच, म्हणजे 10,835 कोटी. सरकारला आधी 150 लाख टनांवर 27,500 प्रमाणे 41,250 कोटी मिळत होते, आता 158 लाख टनांवर 16,500 प्रमाणे 26,070 कोटी मिळतात. सरकारचा तोटा 15,180 कोटी.

वजाबाकी केली की देशाच्या हाती उरतात 1,760 कोटी. उत्तर ताडून पाहायचं असेल तर वाढलेली आयात 8 लाख टन घ्या आणि तिला जुन्या-नव्या शुल्काच्या सरासरीने, म्हणजे टनाला 22,000 ने गुणा. तोच आकडा येतो.

या 1,760 वर मी मुलांना बराच वेळ बसवते. पाठ्यपुस्तकातली आकृती दोन छोटे त्रिकोण दाखवून पुढे जाते आणि मुलांच्या डोक्यात राहतं की शुल्क उतरलं, देशाचा फायदा झाला. फायदा झाला हे खरं आहे. पण 1,760 कोटींचा फायदा व्हायला 26 हजार कोटी एका खिशातून दुसऱ्यात गेले. निव्वळ लाभाच्या जवळजवळ पंधरा पट रक्कम निव्वळ वाटणीची आहे. शुल्कावर भांडण इतकं का पेटतं याचं उत्तर याच प्रमाणात आहे.

घराघरात बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घराचे वर्षाला 528 रुपये वाचतात. कोणी दखलही घेत नाही. सुट्या पामतेलावर भाजी करणाऱ्या मजुराच्या घरात तेच 528 मोठे असतात, हेही विसरायचं नाही. शेतकऱ्याचं किती जातं, यासाठी मात्र तेलाचा भाव सोडून दाण्याकडे यावं लागतं.

शंभर किलो दाण्यात अठरा किलो तेल

पहिल्या प्रश्नात मी एक गोष्ट मुद्दाम सोडली होती. सोयाबीनमधून तेल निघतं, पण सोयाबीन हे मुळात पेंडीचं पीक आहे. सॉल्व्हंट प्लांटमध्ये एक क्विंटल दाणा गेला तर साधारण 18 किलो तेल आणि 80 किलो पेंड निघते, बाकी घट. ही पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते, काही निर्यात होते. बाजारात तिला डीओसी म्हणतात. प्लांटवाला दाण्याला जो भाव देतो तो तेल आणि पेंड या दोन्हींच्या किमतीतून गाळपाचा खर्च आणि आपला नफा वजा करून.

तिसरा प्रश्न इथून सुरू होतो. शुल्ककपातीने तेल किलोला 11 रुपयांनी उतरलं, पेंडीचा भाव हलला नाही. दाण्याचा भाव किती पडेल? 18 गुणिले 11, म्हणजे क्विंटलला 198 रुपये. पाच एकरांत वीस क्विंटल पिकवणाऱ्याचे 3,960 गेले. तोही बाजारातून तेल आणतो, त्यात 528 वाचले. निव्वळ तोटा 3,432. शहरी घराच्या फायद्याच्या साडेसहा पट, आणि तोही वर्षातून एकदाच हातात येणाऱ्या पैशातून.

आता हेच गणित सप्टेंबर 2024 च्या शुल्कवाढीला लावा. शुल्क 5.5 वरून 27.5 झालं, तेलाचा देशी भाव 105.50 वरून 127.50. अठरा किलोंवर 22 रुपये, म्हणजे दाण्याला क्विंटलमागे 396 रुपये जास्त मिळायला हवेत. शेतकरीही तेच धरून बसला होता. पण 2024-25 चा हमीभाव 4,892 असताना राज्यातल्या बाजारांत सोयाबीन चार ते साडेचार हजारांच्या पट्ट्यात विकलं गेलं. शुल्क चढलं, तेल महागलं, तरी दाणा हलला नाही. का?

बहुतेक मुलं व्यापाऱ्यांना दोष देतात. काही ठिकाणी तसं असेलही, पण ते आधी ताडून पाहायला हवं. शुल्कवाढ तेलावर होती, पेंडीवर नव्हती. त्याच काळात मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस नावाचा प्रथिनयुक्त चोथा मोठ्या प्रमाणात बाजारात आला. तो स्वस्त होता, आणि कोंबडीखाद्यवाल्यांनी सोयापेंडीच्या जागी तो वापरायला सुरुवात केली. समजा पेंड किलोला 40 वरून 35 वर आली. 80 किलोंवर 400 रुपये गेले. तेलाने दिलेले 396 पेंडीने नेले, आणि दाणा चार रुपयांनी खालीच आला. पेंडीचे हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्या वर्षी घडलं ते याच वाटेने.

म्हणून शुल्काचा शेतकऱ्यावरचा परिणाम तपासताना तेल, पेंड आणि दाणा हे तिन्ही भाव एकाच तारखेचे मांडावे लागतात. तेल वर, दाणा खाली आणि पेंडही खाली असेल तर दोष शुल्काचा किंवा अडत्याचा नाही. तेल वर, पेंड स्थिर आणि तरी दाणा खाली असेल तर मधला कोणीतरी खातोय, असं म्हणायला जागा आहे.

जुना अनुभवही हेच सांगतो. 1986 च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानानंतर भारत खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. 1994 मध्ये पामोलिनची आयात 65 टक्के शुल्कावर खुली झाली, पुढच्या वर्षी शुल्क 30 टक्के झालं आणि 1998 पर्यंत 15 टक्के. दशकाच्या शेवटी आयात वर्षाला 40 लाख टनांच्या पुढे गेली. शेंगदाण्याचं क्षेत्र घटत गेलं. पण याच वर्षांत विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन मात्र पसरलं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून स्वस्त तेलाचा फटका त्याला पूर्ण बसला. सोयाबीन पेंडीच्या जोरावर तगलं. कोणत्या पिकाला किती लागेल हे त्यातलं तेलाचं प्रमाण ठरवतं, आणि एवढं एक सूत्र मुलांच्या हाती लागलं तरी तास सार्थकी लागला असं मला वाटतं.

मधला फायदा, आणि परदेशात गेलेला

मे 2025 मध्ये एक गोष्ट बदलली नव्हती. रिफाइंड तेलावरचं शुल्क 35.75 टक्केच राहिलं. कच्च्या आणि रिफाइंडमधलं अंतर 8.25 टक्क्यांवरून 19.25 टक्क्यांवर गेलं. चौथा प्रश्न विचारतो, यात कोण खूश झालं? उत्तर बंदराकाठच्या रिफायनऱ्यांकडे जातं. अंतर कमी असताना तयार पामोलिन बाहेरून येत होतं आणि त्यांची यंत्रं रिकामी होती, कारण इंडोनेशिया कच्च्या पामतेलाच्या निर्यातीवर जास्त आकारणी करतो आणि तयार तेलावर कमी. शुल्क कमी करण्याच्या एकाच निर्णयात खाणाऱ्याचं संरक्षण आणि एका उद्योगाचं संरक्षण असं दोन्ही बसलेलं होतं. वरवर कपात दिसते, पण तेल शुद्ध करण्याच्या कामाला मिळणारं संरक्षण मात्र वाढलं. याला जोडून नेपाळचं उदाहरण द्यावं. 2024 च्या वाढीनंतर दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली नेपाळमधून शून्य शुल्काने रिफाइंड सोयातेल आणि सूर्यफूल तेल धो-धो येऊ लागलं. तिथे हे पीक जवळजवळ नाहीच. कच्चं तेल बाहेरून आणायचं, शुद्ध करायचं आणि सीमा ओलांडायची. व्यापार वळतो म्हणजे काय, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पाचवा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण तो आधीच्या सगळ्या आकडेमोडीला हलवतो. आपण धरलं की शुल्क काहीही असो, परदेशातला भाव 100 च राहतो. छोट्या देशासाठी ते चालतं. पण जगात सर्वांत जास्त तेल विकत घेणाऱ्या देशाने शुल्क उतरवलं तर त्याची जास्तीची मागणीच जागतिक भाव चढवते. समजा 100 चे 103 झाले. देशी भाव 116.50 न होता जवळपास 120 होईल. खाणाऱ्याला 11 ऐवजी साडेसातच रुपये मिळतील. आणि दीडशेहून जास्त लाख टनांवर टनाला तीन हजार रुपये जास्त मोजून सुमारे साडेचार हजार कोटी मलेशिया, इंडोनेशिया आणि अर्जेंटिनाच्या हाती जातील. 1,760 कोटींचा निव्वळ लाभ तर गेलाच, वर खिशातून भर घालावी लागेल.

हा भाग केवळ कागदावरचा नाही. 2021 मध्ये शुल्क अनेकदा कमी करूनही किरकोळ भाव उतरायला फार वेळ लागला, कारण जागतिक भाव चढतच होते. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली आणि ती 23 मेपर्यंत बंद राहिली. शुल्काची सूत्रं दिल्लीत असली तरी भावाची काही सूत्रं जकार्तात आहेत. त्यामुळे शुल्ककपात किती खाली पोहोचली हे बघायला ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे किरकोळ भाव आणि बंदरावरचा भाव शेजारी ठेवावे लागतात. जुना साठा संपायला काही आठवडे जातात, म्हणून लगेच पुढच्या सोमवारी निष्कर्ष काढायचा नाही.

हरलेल्याला भरपाई देता येईल का?

शेवटचा प्रश्न भरपाईचा. शुल्क उतरवण्याच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा असतो की जिंकणारे हरणाऱ्यांना भरपाई देऊनही वर शिल्लक राहील. मग ती द्या की. देशात सोयाबीन साधारण 125 लाख टन, म्हणजे साडेबारा कोटी क्विंटल. क्विंटलला 198 प्रमाणे 2,475 कोटी लागतील. कपातीनंतरही सरकारला मिळणाऱ्या 26,070 कोटींचा हा दहावा भागसुद्धा नाही. पैसा नाही हे कारण इथे टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग अडतं कुठे? मध्य प्रदेशाने 2017 मध्ये भावांतर योजना आणली: हमीभाव आणि बाजारातला सरासरी भाव यातला फरक थेट खात्यात. तिच्यातली अडचण वर्गात कोणीतरी स्वतःहून शोधतंच. फरक सरकार भरणार हे ठाऊक असलं की खरेदीदार भाव आणखी पाडू शकतो, आणि सगळे एकाच महिन्यात माल घेऊन आले की तो आपोआपही पडतो. महाराष्ट्राने 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना दोन हेक्टरांपर्यंत हेक्टरी 5,000 रुपये दिले. रक्कम विक्रीशी जोडलेली नसल्याने भाव पाडायचं कारण उरत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण ज्याचा उतारा 6 क्विंटल आला आणि ज्याचा 14, दोघांना सारखेच पैसे, आणि भावातला तोटा तर क्विंटलवर असतो.

शिवाय ती मदत ई-पीक पाहणीच्या नोंदीशी आणि सातबाऱ्यावरच्या नावाशी जोडलेली होती. बटईने शेत करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. बियाणं त्याने घेतलं, फवारणी त्याने केली, बाजारात 198 रुपये कमी त्यालाच मिळाले, आणि भरपाई जमीनमालकाच्या खात्यात गेली. तेव्हा वर्गाने काढायचं आहे ते एवढंच: सातबाऱ्याऐवजी बाजार समितीची काटापट्टी पुरावा म्हणून धरली तर बटईवाल्यापर्यंत पैसे पोहोचतील का, आणि तसं केल्यावर भाव पाडण्याची जुनी वाट पुन्हा किती उघडी होईल.